जहाजाच्या नाकाखालचा गोळा पाणी कापत नाही

«तुम्हाला माहीत आहे काय? मोठ्या जहाजाच्या पुढे पाण्याखाली जो गोळा असतो तो डॉल्फिनच्या नाकावरून उचललाय. तो आधीच पाणी कापून जहाजाला वाट करून देतो. टक्कर झाली तर धक्का सोसतो. त्यानं 15 टक्के तेल वाचतं आणि गोळा जितका मोठा तितकी बचत जास्त. मग आपल्या लाँचना, होड्यांना तो का लावत नाहीत? पुढे पाठवा.»

आमच्या खानापूरच्या ग्रुपवर हे गेल्या महिन्यात तीन वेळा आलं. शेवटी भाच्यानं विचारलं, "मामा, तुम्ही एवढी वर्षं जहाजावर होता, हे खरं काय?" मी बावीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली आणि त्या गोळ्याच्या चांगल्या-वाईट वागण्याचा हिशेब रोज तेलाच्या आकड्यात पाहिला. म्हणून सविस्तर लिहितोय.

कापण्याबद्दल

पाणी कापायचं असतं तर गोल नाक कुणी लावलं नसतं, धार लावली असती. पाण्यातून जाताना जहाजाला दोन मोठे विरोध होतात. एक घर्षणाचा. जेवढं अंग पाण्यात बुडलंय तेवढ्या अंगाला पाणी घासत जातं. दुसरा लाटांचा. जहाज चाललं की पाण्याच्या पृष्ठभागावर लाटा उठतात आणि त्या उठवायला लागणारी ताकद इंजिनच देतं. मागे पसरत जाणारी ती सुंदर लाट म्हणजे आपण जाळून समुद्रावर टाकलेलं तेल आहे. इंग्लंडच्या विल्यम फ्रूड यांनी 1870 च्या दशकात टॉर्की इथं लांब हौद बांधून छोटी मॉडेलं ओढली आणि हे दोन हिशेब वेगळे मांडायची रीत घालून दिली. गोळ्याचं मुख्य काम या दुसऱ्या हिशेबात आहे. घर्षण तर तो उलट वाढवतो, कारण बुडालेलं अंग वाढतं.

आता लाट उठते कशी ते बघा. पावसाळ्यात मलप्रभा भरून वाहते तेव्हा पुलाच्या खांबाकडे नीट पाहा. पाणी ज्या बाजूनं येतं तिथं खांबाला टेकून ते वर चढलेलं दिसतं. खांबाच्या कडेनं जाताना तेच पाणी वेग घेतं आणि तिथली पातळी खाली गेलेली असते. पाणी अडलं की दाब वाढतो आणि पृष्ठभाग उचलतो, पाणी पळू लागलं की दाब कमी होतो आणि पृष्ठभाग खचतो. जहाजाच्या बाबतीत पाणी उभं आहे आणि खांब चाललाय, एवढाच फरक. जहाजाच्या पुढच्या टोकाला दर्यावर्दी नाळ म्हणतात. नाळेपाशी पाणी अडतं आणि तिथं उंचवटा उठतो. तिथून लाटांची माळ सुरू होऊन जहाजाच्या कुशीला लागून मागे जात राहते.

गोळा या नाळेच्या पुढे आणि पाण्याखाली असतो. त्याच्या तोंडाशी पाणी थोडं उचलतं, पण त्याच्या पाठीवरून जाताना वेग घेतं, दाब उतरतो आणि वरचा पृष्ठभाग खचतो. म्हणजे गोळ्याचीही स्वतःची लाट असते आणि तिचा खळगा गोळ्याच्या जरा मागे पडतो. गोळा नेमका एवढा पुढे काढायचा की त्याचा खळगा नाळेच्या उंचवट्यावर येऊन पडावा. खड्ड्यात ढिगारा पडला की जमीन सपाट होते, तसं. दोन्ही लाटा उठतात, पण एकमेकींना खातात आणि मागे जाणारी लाट लहान होते.

यात मोठा फायदा दडलेला आहे. लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची निम्मी झाली की ऊर्जा चौथाईवर येते. म्हणून गोळ्यानं लाट पूर्ण पुसली नाही, नुसती बसवली, तरी लाटांच्या हिशेबात बरीच सुटका होते. जपानचे ताकाओ इनुई यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर याच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम केलं. जहाजाच्या अंगाची लाट आणि गोळ्याची लाट वेगवेगळी मांडून, दोन्ही एकमेकींना कशा पुसतील हे त्यांनी गणितानं आणि मॉडेलनं दाखवलं.

गोळा हा या कामातला एकटा गडी नव्हे, हेही सांगायला पाहिजे. नाळ किती अरुंद कोनात पाण्यात शिरते, पुढून पोट कुठं आणि किती हळू फुगतं, मागे अंग कसं आवळत जातं, या प्रत्येक ठिकाणाहून लाट उठते. पोट जिथं फुगून सरळ होतं त्या जागेला खांदा म्हणतात. खांदा एकदम वळवला तर तिथून वेगळी लाट निघते. आखणारा आधी हे अंग बसवतो आणि मग त्या अंगाला जुळेल असा गोळा लावतो. चुकीच्या अंगाला लावलेल्या गोळ्यानं काही होत नाही.

डॉल्फिनबद्दल

लाटांचा विरोध पृष्ठभागाजवळच असतो. वस्तू खोल गेली की वरचं पाणी हलतच नाही आणि लाट उठवायचा खर्च जवळजवळ संपतो. डॉल्फिन वेगानं पोहतो तो बहुतेक वेळ पाण्याखाली, श्वासापुरता वर येतो. पुसायला लाटच नसेल तर गोळा कशाला? पाणबुडी बघा. तिचं सगळं तोंडच गोल असतं, पण त्याच्या पुढे आणखी गोळा नसतो. खोलवर चालताना तिला खळगा आणि उंचवटा जुळवायची गरजच पडत नाही.

टक्करीबद्दल

जुन्या युद्धनौकांना शत्रूला धडकायला पाण्याखाली पुढे आलेलं लोखंडी टोक असे, त्यामुळे हा समज झाला असावा. पण आजचा गोळा हौदातल्या मॉडेलांमधून आला. वॉशिंग्टनच्या हौदात काम करणारे डेव्हिड टेलर यांनी तो आखला आणि 1910 मध्ये सेवेत आलेल्या अमेरिकेच्या डेलावेअर या युद्धनौकेला तो होता.

टक्करीसाठी जहाजात वेगळी सोय असते. नाळेच्या मागे पाणी न शिरू देणारी एक भक्कम आडवी भिंत असते, तिला कोलिजन बल्कहेड म्हणतात. गोळा तिच्याही पुढे असतो. तो चेपला तरी पाणी भिंतीपाशी थांबावं अशी योजना असते, वाचवते ती भिंत. समोरच्या जहाजाच्या दृष्टीनं तर गोळा घातकच. तो पाण्याखाली घुसतो आणि वरून न दिसणारं भोक पाडतो. म्हणूनच गोळा असलेल्या जहाजाच्या नाळेवर, पाण्याच्या वर, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात गोळ्याची खूण काढलेली असते. ओढायला आलेल्या टगवाल्याला खाली काय लपलंय ते कळावं म्हणून.

15 टक्के आणि जितका मोठा तितका चांगला

या दोन दाव्यांवर मी जास्त थांबणार आहे, कारण इथं अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानं माणूस जास्त फसतो. योग्य जहाजाला, योग्य वेगात, योग्य वजनावर 12 ते 15 टक्क्यांची बचत होऊ शकते, हे पाठ्यपुस्तकांतही येतं. पण यातला प्रत्येक 'योग्य' शब्द महत्त्वाचा आहे.

एक जहाज धरू. पाण्याच्या रेषेवर लांबी 180 मीटर, वेग 20 नॉट. म्हणजे तासाला 37 किलोमीटर, सेकंदाला 10.3 मीटर. जहाजाबरोबर धावणाऱ्या लाटेची लांबी वेगावरच ठरते. वेगाचा वर्ग करून त्याला 0.64 नं गुणलं की मीटरमध्ये लांबी मिळते.

```
L = 0.64 × V × V
20 नॉट: 0.64 × 10.3 × 10.3 = 68 मीटर
13 नॉट: 0.64 × 6.7 × 6.7 = 29 मीटर
```

20 नॉटला एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंत 68 मीटर. गोळा नाळेच्या 5 मीटर पुढे आहे असं समजा. त्या लाटेच्या मानानं 5 मीटर म्हणजे 7 टक्के अंतर. आखणाऱ्यानं गोळ्याची लांबी, जाडी, खोली या हिशेबानं ठरवली आणि खळगा नेमका उंचवट्यावर पाडला.

आता मालकानं तेल महागलं म्हणून वेग 13 नॉटवर आणला. लाट 29 मीटरची झाली. गोळा तिथंच आहे, 5 मीटर पुढे, पण आता ते अंतर लाटेच्या 17 टक्के झालं. खळगा पुढे सरकून पडतो आणि उंचवट्याशी नेम जुळत नाही. त्यात मंद वेगाला नाळेची लाटच मुळात लहान असते, त्यामुळे वाचवायला फारसं काही उरत नाही. गोळ्याचं जादा अंग मात्र पाण्याला घासतच राहतं. बचत करणारा गोळा इथं ओझं होतो.

लाटांचा खर्च किती मोठा, हे नुसत्या वेगावरून कळत नाही, लांबीही बघावी लागते. त्यासाठी फ्रूड यांच्या नावाचा आकडा वापरतात. लांबी आणि 9.81 यांचा गुणाकार करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि सेकंदाला मीटरमधल्या वेगाला त्यानं भागायचं. आपल्या जहाजाला 20 नॉटवर तो 0.245 येतो आणि 13 नॉटवर 0.16. पहिल्या आकड्याला लाटांचा वाटा चांगला मोठा असतो, दुसऱ्याला घर्षणच बहुतेक सगळं खातं. कोळसा किंवा खनिज नेणारं 220 मीटरचं जहाज 14 नॉटनं चाललं तर आकडा 0.155 येतो. अशा जाड पोटाच्या जहाजांनाही गोळे असतात, पण तिथं त्यांचं काम जरा वेगळं. बोथट नाळेपुढं फुटणारी फेसाळ लाट आवरणं आणि पाणी नाळेखालून नीट वळवणं. आजकाल अशी काही जहाजं गोळ्याशिवाय, सरळ उभ्या नाळेचीही बांधतात.

2008 च्या मंदीनंतर हे जगाला महागात पडून कळलं. 24-25 नॉटसाठी आखलेली मोठी कंटेनर जहाजं तेल वाचवायला 20 नॉटच्याही खाली चालू लागली. त्यांचे गोळे त्या वेगाला जुळेनात. मग अनेक मालकांनी जहाज ड्राय डॉकमध्ये नेऊन चांगला धडधाकट गोळा गॅसनं कापून काढला आणि मंद वेगासाठी आखलेला वेगळ्या आकाराचा गोळा जोडला. मोठा असणं हाच गुण असता तर कुणी हे केलं नसतं.

वेगासारखंच वजनाचं. गोळा ठरलेल्या खोलीवर असेल तरच त्याचा खळगा ठरल्यासारखा पडतो. माल उतरवून जहाज रिकामं झालं की ते वर येतं आणि गोळ्याची पाठ पाण्याबाहेर डोकावते. मग गोळ्यावरून पाणी गुळगुळीत वाहत नाही, त्याच्यावर आपटून फुटतं. त्या मेसेजसोबत जो फोटो फिरतोय तोच बघा. लालभडक गोळा पाण्याबाहेर आलाय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा फेस. हा गोळा काम करत असतानाचा फोटो नव्हे. तो डोळ्याला दिसतोय याचाच अर्थ जहाज हलकं आहे आणि गोळा आपल्या जागेवर नाही.

मी स्वतः हे एकदा फार जवळून पाहिलं. आमचं जहाज माल उतरवून रिकामं परत निघालं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. किनाऱ्यावरच्या ऑफिसनं वेग कमी करायचा हुकूम दिला आणि तेल एवढं एवढं कमी जळायला पाहिजे असा आकडाही लिहून पाठवला. वेग कमी झाला, तेल तेवढं उतरेना. दोन दिवस आम्ही इंजिनात दोष शोधला. इंजेक्टर बघितले, फ्लोमीटर तपासला, काही सापडेना. तिसऱ्या सकाळी मी चीफ ऑफिसरबरोबर पुढे नाळेवर गेलो आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. गोळ्याचं टोक पाण्याच्या बरोबर रेषेवर होतं. प्रत्येक हेलकाव्याला ते वर यायचं, पाणी त्याच्यावर चढायचं आणि चुरा होऊन दोन्हीकडे सांडायचं. नाळेला लागून जाड पांढरा पट्टा, आणि खालून एकसारखा ढसढस आवाज.

चीफ ऑफिसरनं ताकदीचा आणि बुडीचा हिशेब तपासून रिकाम्या जहाजाला वजन म्हणून मागच्या टाक्यांत भरलेलं थोडं बॅलास्टचं पाणी कमी केलं आणि पुढच्या टाकीत घेतलं. नाळ जरा खाली बसली. दुपारी पुन्हा बघायला गेलो तर गोळा पाण्याखाली होता आणि त्याच्यावरून पाणी तेलाच्या थरासारखं, काचेसारखं घसरत होतं. फेस पार गेला नव्हता, पण पट्टा पातळ झाला होता. इंजिनाचे फेरे तेच ठेवूनही वेग जरासा वाढला. गोळा चालतोय की नाही हे ओळखायची ही साधी खूण. वरचं पाणी गुळगुळीत आणि नाळेची लाट बसलेली असेल तर तो कामावर आहे, पांढरा चुरा उडत असेल तर तो तेल खातोय. त्या दोन दिवसांचं जादा तेल मात्र इंजिनिअरांच्या नावावर लिहिलं गेलं. आकडा देणाऱ्यानं ड्राफ्ट, म्हणजे जहाज किती बुडालंय ते, विचारलाच नव्हता, याचा राग मला अजून आहे.

आपल्या लाँचबद्दल

आपली माणसं चोर्ला घाटानं गोव्याला उतरतात किंवा कारवारला जातात, तेव्हा मासेमारीच्या होड्या बघतात. 15 मीटरची होडी 9 नॉटनं चालली तर तिच्या लाटेची लांबी जवळजवळ 14 मीटर होते, म्हणजे होडीएवढीच. होडी स्वतःच्या एकाच लाटेत बसते, पुढचं तोंड एका उंचवट्यावर आणि मागचं बूड दुसऱ्या उंचवट्याजवळ. त्याहून वेग वाढवायचा तर लाट लांबते, बूड खळग्यात जातं आणि तिला जणू चढण चढावी लागते. तिची खरी अडचण लांबी कमी असण्याची आहे आणि नाळेखाली छोटा गोळा लावून ती सुटत नाही. त्यात जाळं गोळ्यात अडकणार आणि वाळूवर ओढताना तोच आधी फुटणार. मोठ्या ट्रॉलरना गोळे असतात आणि हिशेबानं आखले तर उपयोगीही पडतात, पण ते त्यांच्या लांबीवर आणि नेहमीच्या वेगावर.

गोव्याच्या फेरीबोटीचं तर तोंडच काठावर टेकवायचं असतं, गाड्या चढवायला. तिला पुढे गोळा लावला तर ती काठाला लागणारच नाही. आणि पाण्यावर उडत जाणारी स्पीडबोट जवळजवळ पाण्याबाहेरच चालते, तिला तो पूर्णच निरुपयोगी.

भाच्याला नुसतं सांगून पटेना. तो उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. त्यानं एक मीटर लांबीचं लाकडी जहाज केलं, पोट जरा जाडच ठेवलं, आणि लेथवर लाकडाचा एक लंबगोळ काढून नाळेखाली स्क्रूनं बसेल, निघेल असा केला. गोळा काढला की तेवढंच वजन आत ठेवायचं, म्हणजे एकूण वजन तेवढंच राहील. आमच्या शेततळ्यावर एका टोकाला कप्पी बांधली, तिच्यावरून दोरा घेतला आणि दोऱ्याला वॉशर लटकवले. वॉशर खाली जातात आणि जहाज ओढलं जातं. वॉशर तेच ठेवायचे आणि नऊ मीटरला किती वेळ लागला ते मोजायचं. वारा पडलेला असताना, सकाळी सहाच्या आत.

आधी थोडेच वॉशर लावले, जहाज नऊ मीटर साधारण वीस सेकंदांत जाईल एवढे. गोळा काढलेलं जहाज दर खेपेला आधी पोचलं. मग वॉशर वाढवत गेलो. वेळ दहा सेकंदांच्या आसपास आला तेव्हा गोळेवालं पुढे गेलं. वीस सेकंदांना फ्रूड यांचा आकडा 0.14 येतो, दहाला 0.29. मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओत दुसऱ्या वेळी नाळेपाशी उठणारी पाण्याची कुबड गोळ्यानं बसलेली स्पष्ट दिसते.

हा प्रयोग करून बघायचा असेल तर एक अडचण आधीच सांगतो. एवढ्या लहान मॉडेलवर घर्षणाचा वाटा खऱ्या जहाजापेक्षा फार जास्त असतो आणि अंगालगतचं पाणी संथ थरांनी वाहतं, खऱ्या जहाजाच्या अंगालगत असतं तसं खळबळत नाही. म्हणून खऱ्या हौदांत मॉडेलच्या नाळेजवळ वाळूची पट्टी किंवा छोट्या खुंट्या लावून पाणी मुद्दाम खळबळवतात. आम्ही नाळेमागे सँडपेपरची बोटभर रुंद पट्टी चिकटवली. ती नव्हती तेव्हा त्याच वॉशरवर एका खेपेचा वेळ दुसऱ्या खेपेशी जुळत नव्हता, पट्टी लावल्यावर जुळायला लागला. आता भाचा गोळ्याची तिसरी लांबी काढून बघतोय, दोन बोटं आखूड.